पर्सच्या पाठीवरचा निळा

मीनाच्या क्रीम पर्सच्या पाठीवर निळा पट्टा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. साधी पर्स असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. ही साखरपुड्यात मुलाकडच्यांनी दिलेली. साडी, चपला आणि ही पर्स, तिन्ही गोष्टी माझ्या होणाऱ्या विहिणीने, पुतळाबाईंनी, चारचौघांत माझ्या पोरीच्या हातात ठेवल्या होत्या. आणि उद्या ती माणसं लग्नाची तारीख काढायला येणार होती. आमच्यात तारखेच्या बैठकीला मुलीने त्यांनी दिलेलंच सगळं घालून बसायचं असतं. त्यामुळे पर्स कपाटात टाकून "सापडत नाही" म्हणायची सोय नव्हती.

"मीना!" मी ओरडले. वाशीच्या या घरांच्या भिंती अशा पातळ की मी मीनाला हाक मारली तर शेजारची गोजरा दार उघडते. "हे काय आहे?"

मीना तुर्भ्याच्या एका कंपनीत टायपिस्ट होती. नुकतीच कामावरून आली होती, चप्पल पायातच. पर्सकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"लागलं कशाचं तरी."

"कशाचं तरी म्हणजे? आभाळ लागलं?"

मी तिचं कपाट उघडलं. ब्लाउजांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली जीन्स निघाली. कोरी, कडक, निळीशार. मी रुमालाचं टोक ओलं करून तिच्यावर घासलं, तर रुमाल निळा. आता विचारायचं काही राहिलंच नाही. मागच्या रविवारी मी आणि मीनाचे पप्पा नावड्याला माझ्या भावाकडे गेलो होतो, तेव्हा बाई ही न धुतलेली पॅंट घालून फिरायला गेल्या. खांद्याला पर्स, ती चालताना कमरेवर घासणार. वर इथली ही चिकचिक हवा, घाम. रंग सगळा पर्सने ओढून घेतला.

"लाज वाटत नाय तुला?" मी म्हटलं. "त्या बाईने बघितलं तर काय सांगू? आमची मुलगी पॅंट घालून गावभर हिंडते?"

पुतळाबाईंनी साखरपुड्याच्या दिवशीच मला बजावलं होतं, आम्हाला नोकरी चालेल, फॅशन चालणार नाही. मी मान हलवली होती. आता तीच मान खाली जायची वेळ आली. हे लग्न मोडलं तर दोष माझ्या पोरीवर येणार, आणि पुढच्या स्थळांना कोणी पर्स दाखवत बसणार नाही, नुसतं "मोडलं" एवढंच सांगतील. त्या भीतीने मला जास्त राग येत होता.

मी पर्स उचलून मोरीत नेली, कपड्याचा साबण आणि काथ्याची घासणी घेतली. मीनाने माझा हात धरला. "आई, घासू नकोस, रेक्झिन आहे. वरचा पापुद्रा निघेल."

"मग तूच काढ!"

तिने नेलपॉलिश पुसायच्या बाटलीतलं थोडं कापसावर घेतलं. नशीब तिचं की आधी पर्सच्या बुडाला, जिथे दिसणार नाही तिथे, लावून बघितलं. कापसावर निळा नाही, क्रीम रंग आला. बूड चिकट झालं आणि बोट लावलं तर ठसा उमटला. पाठीवर लावलं असतं तर डागाबरोबर पर्सही गेली असती. बाटली मी खिडकीतून फेकणार होते, खाली माणसं चालतात म्हणून थांबले.

माझा आवाज ऐकून गोजरा आलीच. ती दवाखान्यात आया आहे आणि तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं. तिने पर्स उलटीपालटी केली. "ताजा हाय का?"

"रविवारचा," मीना म्हणाली.

"मग निघंल बराचसा. जुना झाला की आत मुरतो, मग कोनाच्या बापाला निघत नाय. आधी कोमट पानी, साबन. मग माझ्याकडं सुईच्या आधी लावतात ते स्पिरिट हाय, त्ये आनते. चांगुणाबाई, गॅस बंद करा पहिला, भडका उडंल."

मी गॅस बंद केला. भात तसाच अर्धा कच्चा राहिला.

मीनाने मऊ फडक्याने साबणाच्या कोमट पाण्याने पाठ पुसली, मग कोरड्या फडक्याने टिपली. फडकं थोडं निळं झालं, पट्टा थोडा फिकट झाला. गोजराने स्पिरिटही आधी खांद्याच्या पट्ट्याखालच्या शिवणीपाशी लावून बघितलं. पर्सचा रंग उतरला नाही. मग कापसाचे बोळे करून दोघी बसल्या. डागाच्या कडेकडून आत यायचं, नुसतं टिपायचं, रगडायचं नाही, आणि बोळा निळा झाला की फेकून नवा घ्यायचा. मळक्या बोळ्याने पुसलं तर तोच रंग पुन्हा पसरतो. मीनाचे पप्पा, शिवराम, कामावरून आले तेव्हा सगळ्या खोलीला इंजेक्शनचा वास आणि फरशीवर निळे बोळे.

"कोनाला लागलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तुमच्या अब्रूला लागलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले. "शाई सांडली म्हनू," ते हळूच म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. आग लागली तरी हे म्हणतील, धूर उदबत्तीचा आहे.

गोजरा गेल्यावर मी मीनाला पुन्हा धरलं. "ती पॅंट आणली कुठून? तुझ्या पगारातली तर नाय, पगार माझ्या हातात देतेस."

मीना बोळ्याने टिपत राहिली. मग म्हणाली, "अरविंदने दिली."

मला आधी कळलंच नाही. "कोण अरविंद?"

"किती अरविंद आहेत, आई? माझा साखरपुडा झालाय तोच. त्याच्या मित्राने दुबईहून आणली. रविवारी घालून ये म्हणाला, म्हणून घातली. मी म्हटलं, तुमच्या आईंना चालणार नाही. तर म्हणाला, आईला मी सांगतो, ते माझं काम."

"मग सांगितलं त्याने?"

"उद्या सांगेन म्हणालाय. वेळ आली तर."

माझा अर्धा राग तिथेच त्याच्याकडे वळला. तरी मनात म्हटलं, मुलगा शिकलेला आहे, ऑफिसात कारकून आहे, बोलेल. बोलला तर सगळं सुरळीत होणार होतं. त्याच्या एका वाक्याचं काम होतं. मी पोरीला बोलले त्याचं मला वाईट वाटलं, पण तसं म्हणाले नाही. भात पुन्हा गॅसवर ठेवला.

सकाळी पर्स जवळजवळ पहिल्यासारखी दिसत होती. फक्त पाठीच्या खालच्या शिवणीत आणि रेक्झिनच्या बारीक रेघांत निळसर झाक राहिली होती. तिथे रंग आत गेला होता. मीना आणखी टिपणार होती, मी थांबवलं. बघणाऱ्याने शोधलं तरच दिसणार होतं.

पुतळाबाई शोधणाऱ्याच निघाल्या.

जयभीम झालं, पाणी झालं, चहा झाला. अरविंद त्यांच्या बाजूला इस्त्रीच्या शर्टात बसला होता. मीना त्यांची साडी नेसून, त्यांच्या चपला घालून, पर्स मांडीवर घेऊन बसली. पुतळाबाईंनी हात पुढे केला. "बघू, नीट वापरते का." पर्स उलटवली, शिवणीवरून बोट फिरवलं. "हे निळं कसलं?"

"शाई," मीनाचे पप्पा लगेच म्हणाले.

"शाईचा ठिपका पडतो, शिवराम भाऊ. ही झाक पसरलेली हाय. आमच्या अरविंदच्या नव्या पॅंटने सोफ्याचं रेक्झिन अस्संच निळं केलं होतं. मी नव्या पॅंटचा रंग बघून ओळखते." त्या मीनाकडे वळल्या. "तू पॅंट घालतेस?"

मी अरविंदकडे बघितलं. मीनाही त्याच्याकडेच बघत होती. त्याने चहाचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"एकदा घातली," मीना म्हणाली.

"कोनाला विचारून?"

मीना पुन्हा अरविंदकडे वळली. तिने त्याला बोलायला जागा करून दिली होती, हे मला कळलं. बोल बाबा, मी मनात म्हणत होते, बोल आता, तोंडात काय कोंबलंय?

अरविंदने कप खाली ठेवला. "मी तिला सांगितलं होतं, आई," तो म्हणाला. "असलं काही घालत जाऊ नकोस म्हणून."

माझी कानशिलं तापली. त्याच्या सोफ्यावर निळा पडला तर तो नव्या पॅंटचा रंग, आणि माझ्या पोरीच्या पर्सवर पडला तर ती तिची चालचलणूक! आणि तो रंग पाठवणारा हाच! मी उठणार होते, सगळं तोंडावर फेकणार होते. मीनाच्या पप्पांनी माझा पदर ओढला. मी तो झटकला.

पण मीना माझ्याआधी बोलली. आवाज अजिबात चढवला नाही. "अरविंद, पुन्हा एकदा सांगा. मला नीट ऐकू नाही आलं."

तो फरशीकडे बघत राहिला.

"असू दे," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण मोठ्या मनाने माफ करतोय. "पोरगी लहान हाय. पुढे नाय घालनार म्हनून सांग आनि तारीख काढू. अरविंद बोलला ना, तो लक्ष ठेवेल."

मीनाने त्यांच्या हातातून पर्स घेतली. मला वाटलं, आता ही हो म्हणते. हो म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता, मी स्वतः किती वेळा म्हटलंय. तिने चेन उघडली आणि पर्स चहाच्या ट्रेशेजारी उलटी केली. कंगवा पडला, रुमाल पडला, बसचा पास पडला, टिकल्यांचं पाकीट पडलं. सगळं गोळा करून तिने पदरात घेतलं आणि रिकामी पर्स अरविंदच्या मांडीवर ठेवली.

"साडी बदलून आणते," ती म्हणाली.

अरविंद पर्सला हात लावेना. मीनाच्या पप्पांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते त्यांनाही कळत नव्हतं. पुतळाबाई ताडकन उठल्या. "चांगुणाबाई, ही काय पद्धत? तुमी आई ना? सांगा की पोरीला काहीतरी!"

"सांगते," मी म्हटलं. मीना आतल्या खोलीच्या दारात पोचली होती. मी तिला मोठ्याने हाक मारली, गोजराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मीना, परत ये. आतला चोरकप्पा बघितला नाहीस. तुझं काही राहायला नको त्यात."