व्ही-फोर आणि सटवाजीचं मनगट

सटवाजीचं उजवं मनगट वाकडं आहे हे जवळा बाजार गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ते कसं वाकडं झालं हेही सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला निराळं. चहाच्या टपरीवर विचाराल तर बिबट्यानं धरलं होतं. पिठाच्या गिरणीत विचाराल तर पुरात वाहून चाललेली म्हैस सटवाजीनं एका हातानं काठावर ओढली. म्हैस वाचली, मनगट फिरलं. एका वर्षी तर म्हशीच्या पाठीवर बिबट्याही बसलेला होता. बायको गोजरबाई एवढंच म्हणायची, "मी लगीन करून आले तवाच वाकडं होतं. पुढचं मला इचारू नका."

असा हा माणूस त्या दिवशी जुन्या कापसाच्या गोदामासमोर गप्प उभा होता. खिशात एक फॉर्म होता. नात वैष्णवीला पुण्याला भिंत चढायच्या शिबिराला जायचं होतं. तिचा बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी; म्हणून पालकाच्या जागी सही आबाची. आणि फॉर्म आज संध्याकाळपर्यंत पाठवला नाही तर वैष्णवीची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"आधी पाहीन, मंग सही करीन," असं सटवाजी बोलून बसला होता. पाहायला सोबत गोजरबाई होती, आणि चाँद पाशा टेलर होता. चाँद पाशाला कुणी बोलावलं नव्हतं, पण सटवाजीची फजिती होण्याची जराही शक्यता असली की तो मशीन बंद करून निघायचा.

आत शिरताच सटवाजीचं डोकं फिरलं. पंधरा फूट उंचीची लाकडी भिंत, तीही सरळ नाही, अंगावर आल्यासारखी पुढं झुकलेली. तिच्यावर लाल, निळे, पिवळे गोळे असे ठोकलेले, की बाजार उठता उठता कुणी भांडणात वांगी-टमाटे फेकून मारले असावेत. खाली फूटभर जाडीची गादी, एवढी मोठी की आख्खं वऱ्हाड झोपेल.

"दोर कुठं हाय?" सटवाजीनं विचारलं.

"दोर नसतो, आबा," मंजुषा म्हणाली. ही शेजारच्या डोंगरकडा गावची पोरगी. पुण्याला अशाच भिंतीवर सहा वर्षं शिकून, शिकवून परत आली आणि हे गोदाम तिनं घेतलं. "ह्याला बोल्डरिंग म्हणतात. भिंत बुटकी, खाली गादी. पडलं तर गादीवर."

"पडलं *तर*?"

"पडतातच. म्हणून नव्या माणसाला आधी पडायला शिकवते."

सटवाजीनं चाँद पाशाकडं पाहिलं. साठ वर्षांत त्यानं पोहणं शिकवणारे पाहिले होते, बुडणं शिकवणारा कुणी पाहिला नव्हता.

"चपला भाईर. खिसे रिकामे करा. अंगठी काढा, गोळ्यात अडकली तर बोट जातंय. आजी, तुमच्या बांगड्या?"

"नवरा जित्ता असताना बांगड्या काढू व्हय?" गोजरबाईनं हात पदराखाली घेतले.

"चढायचं असंल तर काढाव्या लागतील. नुसतं पडायचं असंल तर वरून फडकं बांधू."

"मंग पडते," गोजरबाई म्हणाली, जणू चहा की दूध एवढाच प्रश्न होता.

भिंतीच्या पायथ्याशी प्रत्येक रंगाच्या पहिल्या गोळ्याजवळ एक चिठ्ठी होती. निळ्याजवळच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं व्ही-फोर. "हा माझा, आबा," वैष्णवी उत्साहानं म्हणाली. सोळा वर्षांची पोर, हाताला खडूची पांढरी भुकटी. "महिन्याभरात जमला. आज अजून एकदा दाखवते."

"फोर म्हंजे चार ना?"

"व्हय."

सटवाजीचा चेहरा पडला. टपरीवर त्यानं सांगून ठेवलं होतं की नात पहिली आली. "चवथी आलीस? अन् पहिला कोण?"

चाँद पाशाला उचकी लागली. मंजुषा पुढं आली. "आबा, हा नंबर वैष्णवीचा न्हाई, रस्त्याचा हाय. एका रंगाचे गोळे म्हंजे एक रस्ता. दोन्ही हात चिठ्ठीच्या गोळ्यावर ठेवून सुरू करायचं, त्याच रंगाचे गोळे धरायचे, अन् वरचा शेवटचा दोन्ही हातांनी नीट धरला की झाला. रस्ता जितका अवघड तितका आकडा मोठा. व्ही-झीरो सोपा, मंग एक, दोन, तीन, चार. वर पार सतरापर्यंत हाय."

"म्हंजे शून्यवाला नापास न्हाई?"

"न्हाई."

"अन् सतरावाला सतरावा न्हाई?"

"सतरावाला जगात बोटावर मोजण्याइतका."

"मंग सतरावा नंबरच पहिला," चाँद पाशा म्हणाला. "सटवा, तू शाळेत बराबर सतरावा यायचा. उगाच मार खाल्ला यार."

"ह्यो चार कुणी ठरवला?" सटवाजीनं विचारलं.

"रस्ता बांधला मी, आकडा बी मीच लावला. पुण्याला कदाचित ह्यालाच तीन म्हणतील. अंदाज असतो तो. उंच माणसाला सोपा, बुटक्याला अवघड, असं बी व्हतं."

आता मात्र सटवाजीला घाम फुटला. ज्या मापाचा आकडा उलटा, जो गावागणिक बदलतो, आणि ज्यात माणसाला नव्हे तर भिंतीला मार्क देतात, त्याच्यावर पोरगी पुण्याला धाडायची कशी? त्यानं खिशातला फॉर्म चाचपला. खिसा रिकामा. मग आठवलं, खिसे रिकामे करायला लावले होते.

पडायचा धडा सुरू झाला. मंजुषा गादीवर उभी राहिली. "दोन्ही पाय बराबर टेकायचे. गुडघे वाकवायचे, ताठ ठेवायचे न्हाईत. मंग खाली बसत मागं लोळायचं, आधी बैठक, मंग पाठ. हनुवटी छातीला. हात छातीवर आवळून. उडी मारायची हौस करायची न्हाई. जमंल तितकं उतरूनच यायचं."

गोजरबाईनं लुगडं आवळलं, मनगटांना फडकं बांधून घेतलं, गुडघे वाकवले आणि अशी मऊ लोळली, जणू जन्मभर कापसाच्या ढिगावर तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. "बरं वाटलं," ती पडल्या पडल्या म्हणाली. "कंबर मोकळी झाली."

मग सटवाजी. तो मागं लोळायला गेला आणि हात आपोआप मागं गेले.

"थांबा!" मंजुषानं त्याचा दंड धरला. "हात मागं टेकायचा न्हाई, आबा. सगळं वजन मनगटावर येतंय. मनगट, न्हाईतर कोपर..." ती थांबली. सटवाजीच्या उजव्या मनगटाकडं पाहू लागली. वाकडा कोन, बाजूला सरकलेलं हाड. "तुमी असंच पडले होते ना? मागं हात टेकून?"

गोजरबाई गादीवर उठून बसली. भिंतीवरच्या पालीनंसुद्धा शेपूट आवरलं.

"अन् बिबट्या?" चाँद पाशानं हळूच विचारलं.

सटवाजीनं मनगट सदऱ्याच्या बाहीत ओढलं. ही डोंगरकड्याची कालची पोर, हिला कसं कळलं? चाळीस वर्षं गावाला जे कळलं नाही ते हिनं एका नजरेत वाचलं. तो गुमान उठला आणि गादीबाहेर जाऊन बाकड्यावर बसला.

"आता वैष्णवी चढंल," मंजुषा म्हणाली. "ध्यानात ठेवा. चढणाऱ्याच्या खाली उभं राहायचं न्हाई, खालून जायचं बी न्हाई. गादीवर पाय ठेवायच्या आधी वर बघायचं. एकाचा रस्ता चालू असंल तर त्याला आडवा जाईल असा रस्ता दुसऱ्यानं धरायचा न्हाई. अन् विचारल्याबिगर सल्ला द्यायचा न्हाई."

एवढं सांगून ती दुसऱ्या टोकाला दोन नव्या बायांना बूट मापून द्यायला गेली.

वैष्णवीनं दोन्ही हात निळ्यावर ठेवले आणि निघाली. भिंत पुढं झुकलेली, पोरगी तिला पालीसारखी चिकटलेली.

"डावा पाय त्या निळ्यावर घाल, बेटा!" चाँद पाशा ओरडला.

"चाचा, विचारलं का तिनं?" पलीकडून मंजुषाचा आवाज आला. चाँद पाशानं तोंडावर हात ठेवला. असा नियम टपरीवर लागू झाला तर टपरी बंद पडेल, असं त्याला वाटून गेलं.

वैष्णवी शेवटच्या गोळ्याखाली पोचली. हात लांबवला. पोचला नाही. तिचे पाय थरथरू लागले, आणि ते पाहून सटवाजीच्या अंगात जुना जवळा बाजार जागा झाला. गावात झाडावरून कुणी घसरलं की सगळं गाव खाली हात पसरून धावतं; जो धावत नाही त्याला माणूस म्हणत नाहीत. सटवाजी धावला. गादीवर, बरोबर वैष्णवीच्या खाली, हात वर करून उभा राहिला.

"सोड, पोरी! म्या झेलतो!"

वैष्णवीनं खाली पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला. "आबा, सरका!"

सटवाजीला वाटलं पोर घाबरली. तो आणखी जवळ गेला.

"आबा, बाजूला व्हा! तुमी खाली असताना मी कशी सोडू? माझे हात चालले!"

"म्हणून तर आलो ना!"

मंजुषा गादीच्या काठापर्यंत आली आणि थांबली. "आबा, मी ओढायला आत आले तर खाली दोन माणसं होतील. तुमीच बाहेर या. सावकाश, मागं मागं."

पोर म्हणते सरका, मास्तरीण म्हणते बाहेर या, आणि छाती म्हणते थांब. सटवाजीला काही सुधरेना. त्यानं वर पाहिलं. वर वैष्णवी नव्हतीच. वर ओढ्याकाठची चिंच होती, फांदीला लोंबकळणारा विशीतला सटवाजी होता, आणि खाली हात पसरून उभा होता त्याचा दोस्त लखमा. "सोड, म्या झेलतो!" सटवाजीनं सोडलं होतं. तो लखमावर आदळला आणि तिथून मागं, हात टेकून. सटवाजीचं मनगट गेलं. लखमाच्या गळ्याचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. पुढं त्यानं खांद्यावर कधी पोतं घेतलं नाही. बिबट्या त्यानंतर आला.

सटवाजीनं हात खाली घेतले. एक पाऊल मागं टाकलं. पुराच्या पाण्यातून म्हैस ओढणं याच्यापुढं सोपं होतं. दुसरं पाऊल. तिसरं. टाच गादीच्या काठाबाहेर लागली.

वैष्णवीचे हात सुटले.

दोन्ही पाय टेकले, गुडघे वाकले, बैठक, पाठ, हनुवटी छातीला, हात छातीवर. लोळून पोरगी उठून बसली आणि हसायला लागली.

"लागलं?" सटवाजीनं काठावरूनच विचारलं.

"न्हाई, आबा."

"मंग आता?"

"आता दम खाते. मंग पुन्हा."

सटवाजीनं बाकड्यावर पडलेला फॉर्म शोधला. वाकड्या हातानं सही केली. तीही नेहमीसारखी वाकडीच आली. "चारच्या खाली बसलेला आकडा लावू नका पोरीला," तो मंजुषाला म्हणाला. आपण काय बोललो ते त्यालाही कळलं नाही. मंजुषानं मात्र मान डोलावून फॉर्मचा फोटो काढला आणि पाठवून दिला. गोजरबाई तोवर तिसऱ्यांदा लोळून घेत होती.

संध्याकाळी टपरीवर सटवाजीनं जन्मात पहिल्यांदा जसंच्या तसं सांगितलं. बिबट्या नव्हता, म्हैस नव्हती, चिंच होती. चवथा नंबर पहिल्यापेक्षा मोठा असतो. अन् आज नात वाचवली ती न झेलता, मागं सरकून.

टपरीवर एवढं हसू उसळलं की किटलीचं झाकण उडालं. "सटवाजी आबा, ही काय पचली न्हाई. बिबट्याचीच सांगा."

"चाँद पाशाला विचारा! ह्यो होता तिथं!"

सगळ्यांनी चाँद पाशाकडं पाहिलं. त्यानं बशीतला चहा शांतपणे संपवला. "मला तिथं बोलायची मनाई होती," तो म्हणाला.

सटवाजी उठला. टपरीमागं रिकाम्या बारदान्याचा ढीग होता. त्याच्यासमोर पाठ करून उभा राहिला, गुडघे वाकवले, हनुवटी आत, हात छातीवर, आणि मऊ लोळला. मनगट टेकलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

तो ढिगातून वर पाहू लागला. टपरीवाला खाली वाकून म्हणाला, "आबा, हे बी बिबट्यानंच शिकवलं का?"