दोनच्या ठोक्याला सौदा कापायचा

शेअर ब्रोकरच्या ऑफिसात त्यांना सगळे 'घड्याळ' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. तीस वर्षं डीलर म्हणून दुसऱ्यांचे सौदे टाकले, फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीच्या दिवशी हातात हार आणि स्टीलचा थर्मास घेऊन घरी आले आणि बायकोला म्हणाले, "आता तुझ्या नावाने खातं काढू. ऑर्डर मी सांगायची, बटण तू दाबायचं."

बायको शाळेच्या प्रयोगशाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. परीक्षानळ्या मोजून घ्यायच्या आणि मोजून परत ठेवायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे नियम तिच्या लगेच अंगवळणी पडले. निर्देशांकाचे ऑप्शन, म्हणजे बाजार वर जाईल की खाली यावरचे मुदतीचे सौदे, फक्त विकत घ्यायचे, विकून सुरुवात करायची नाही. आठवड्यातून एकदाच, ज्या दिवशी ते संपतात त्याच दिवशी. प्रीमियमची, म्हणजे खरेदीची, रक्कम आधीच ठरलेली. ती गेली तर गेली, पण त्याहून एक पैसाही जास्त जाणार नाही. एकदा खरेदी झाली की पुन्हा घ्यायचं नाही. आणि दोन वाजले की बाहेर. नफा असो, तोटा असो, दोनच्या ठोक्याला सौदा कापायचा.

"दोनच का?" तिने सुरुवातीला विचारलं होतं.

"उन्हात ठेवलेला बर्फ बघितलायस ना? ऑप्शनची किंमत तशी वितळते. संपायच्या दिवशी तर डोळ्यांदेखत. बाजार हलला नाही तर दुपारनंतर हातात नुसतं पाणी. आणि शेवटच्या तासात इतका उड्या मारतो की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्याच्या आधी आपण निघायचं."

काही वर्षं हे छान चाललं. कधी प्रीमियम दुप्पट व्हायचा, बहुतेक वेळा अर्ध्याहून जास्त जायचा. वर्षाअखेरीस हिशेब केला तर थोडं खड्ड्यातच असायचे. "नाटकाची तिकिटं समज," ते म्हणायचे, आणि तिला ते पटायचं. त्या दिवशी दोघं टेबलाशी शेजारी बसत. नोकरीच्या काळात असं कधी बसायलाच मिळालं नव्हतं.

मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घरी परत यायची वाट. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या कामात मन गुंतवून ठेवा. ओळखीचं काम एकच होतं. लेक फोनवर कुरकुरायची, "आई, बाबांच्या हातात आता पैशाचे व्यवहार कशाला?" ती म्हणायची, "त्यांच्या हातात काही नाही गं. खातं माझं, ओटीपी माझ्या फोनवर. ठरलेल्या रकमेपलीकडे मी जातच नाही."

आणि खरंच, आकडे त्यांच्यात सगळ्यात शेवटपर्यंत टिकले. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, पण पडद्यावरचा आलेख बघून "वर जायचंय याला, पण दम नाहीये," असं बरोबर सांगायचे.

त्या दिवशी सकाळी ते चांगले होते. दाढी स्वतः केली. टेबलाशी येऊन खुर्ची ओढली, चष्मा पुसला, बराच वेळ आकडे बघितले.

"तीनशे पन्नासचा कॉल काय चाललाय?"

"पंचावन्न."

हजारांचा आकडा ते कधी बोलायचेच नाहीत. निर्देशांक त्या तीनशे पन्नासपेक्षा चाळीस अंकांनी खाली होता. तो वर सरकला तर कॉल वाढणार होता.

"घे."

ठरलेल्या रकमेत दोन लॉट, म्हणजे दोन गठ्ठे, बसत होते. तिने दोन घेतले.

बाजार तिथेच घुटमळत राहिला. अकराच्या सुमारास कॉल चाळीसवर आला, बाराला तीसवर. निर्देशांक जवळजवळ होता तिथेच होता. नुसता वेळ जात होता आणि वेळेबरोबर पैसे. तिने भाजी निवडायला घेतली. ते वाकून पडद्याकडे बघत होते.

"अगं, हा कॉल बघ. तीस. घ्यायचा ना आपण?"

"घेतलाय हो सकाळी. आजची रक्कम संपली."

"संपली का? मग नाही." ते मुकाट्याने मागे टेकले. रकमेचा नियम कुठेतरी खोल, शाबूत होता. तिला बरं वाटलं.

जेवणं उरकून दोघं पुन्हा टेबलाशी आली. कॉल चौदावर आला होता. दोन वाजायला आले तसा तिने हात पुसून माउस घेतला. त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. जोर करून नव्हे, पण काढलाही नाही.

"काय करतेस?" ते म्हणाले.

"दोन वाजतायत. कापते सौदा."

"कशासाठी? एक्सपायरीला अजून तीन आठवडे आहेत. चौदाला मिळतोय हा कॉल. तीन आठवडे हातात असताना चौदा! लोकांना अक्कल नाही म्हणून स्वस्त आहे."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पूर्वी ऑप्शन महिन्यातून एकदाच संपायचे, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. ते त्या दिवसांत जाऊन बसले होते. तिथून बघितलं तर त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तीन आठवडे शिल्लक असलेला कॉल इतक्या कमी भावात मिळाला असता, तर कुठल्याही डीलरने डोळे मिटून घेतला असता.

"अहो, आजच संपतोय तो. साडेतीनला. आता दर आठवड्याला संपतात."

"दर आठवड्याला?" ते हसले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

'तुम्हाला'. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते तिला कधी अहो-जाहो करत नव्हते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते सभ्यपणे, थोडे त्रासून पाहत होते, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसे.

"तुम्ही डेस्कवर नवीन आहात का?"

तिने माउसवरचा हात तसाच राहू दिला.

"नवीन असाल तर एक लक्षात ठेवा. दुसऱ्याची पोझिशन विचारल्याशिवाय कापायची नाही. मी इथे बसलोय ना?"

कॉल तेरा झाला, बारा झाला. पैशाचं तिला काही वाटत नव्हतं. ते सकाळीच गेले असं धरूनच ती बसायची. त्यांचा हात झटकून बटण दाबणंही अवघड नव्हतं. पण तसं केलं असतं तर ते ओरडले असते, घाबरले असते, मग संध्याकाळभर घरात फिरत राहिले असते. आणि नाही कापला तर? हा एक नियम सुटला की बाकीचेही सुटणार, हे तिला दिसत होतं. पुढच्या वेळी रक्कमही सुटेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने भाजीच्या फडक्यानेच पुसलं. मग ती खुर्चीत नीट बसली.

"सर," ती म्हणाली. हा शब्द तिने त्यांच्यासाठी कधी वापरला नव्हता. "सर, दोन वाजले. कापू का?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा त्रास निवळला. हात आपसूक बाजूला झाला.

"दोन वाजले? मग विचारताय काय? कापा."

तिने दोन्ही लॉट बारा रुपयांना विकले. पडद्यावर सौदा पूर्ण झाल्याची ओळ आली. "झालं, सर."

"शाब्बास. किती गेले?"

"चारातल्या तीन हिश्श्यांहून जास्त."

"जाऊ दे. ठरलेलेच गेले ना? मग ते गेले असं म्हणायचं नाही."

अडीचनंतर बाजाराने एकदम उसळी घेतली. निर्देशांक त्यांचा भाव ओलांडून सत्तर अंक वर गेला आणि तिथेच बंद झाला. बारा रुपयांना विकलेला कॉल सत्तरला मिटला. तिने बंद करायला हवा होता तो पडदा, पण केला नाही. दोघं बघत राहिले.

"बघितलंत?" ते म्हणाले. आवाजात कुचकेपणा नव्हता, उलट समजावणीचा सूर होता. "आता तुम्हाला वाटेल, थांबायला हवं होतं. आज रात्री झोप लागणार नाही. मलाही लागायची नाही सुरुवातीला. पण तुम्ही वेळेवर कापलंत, ते बरोबर केलंत. भाव वर गेला म्हणून ते चूक ठरत नाही."

"हो, सर."

"चला, निघा आता. घरी कोणी वाट बघत असेल."

तिने मान हलवली.

"मलाही निघायचंय," ते म्हणाले आणि खिसे चाचपू लागले. "आमची ही जेवायची थांबते. कितीदा सांगितलं, जेवून घेत जा म्हणून. ऐकत नाही. प्रयोगशाळेत नोकरी आहे, दिवसभर उभी असते, पाय दुखतात, पण बोलून दाखवणार नाही. मी घरी जाऊन गिऱ्हाइकांची रडगाणी लावतो, ती ऐकते. कधी म्हटलं नाही मी तिला, पण हा धंदा मला सहन झाला तो तिच्या जिवावर. नाहीतर केव्हाच वेड लागलं असतं."

"सांगा ना तिला," ती कशीबशी म्हणाली.

"छे हो. हसेल ती." ते लाजले. त्यांचं लाजणं तिने लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कधीतरी पाहिलं असेल. "आणि तिला माहीतच असेल."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. बाहेरून त्यांचा आवाज आला, "मॅडम, माझी छत्री बघितलीत का?"

रात्री लेकीचा फोन आला. ती लेकीला म्हणाली, "तुझं बरोबर होतं. हे बंद करते."

"काही जास्त गेलं का?"

"नाही गं. तेवढंच, नेहमीचं."

"मग?"

"आज मला ओळखलं नाही त्यांनी." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझ्याबद्दल मात्र चांगलं बोलले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बंद करायचं ठरवूनही पुढच्या आठवड्यात तिने त्यांना टेबलाशी बसवलं. खरेदी करायची नव्हती, नुसतं बघायचं होतं. सवयीने विचारलं, "कॉल की पुट? वर की खाली?"

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. हिरवे-लाल आकडे लुकलुकत होते. "छान आहे," ते म्हणाले. "कसलं आहे हे?"

तिने लॅपटॉप मिटला. उरलेली रक्कम बँकेत वळती केली, खातं बंद करायचा अर्ज दिला. ब्रोकरकडच्या मुलीने फोनवर कारण विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "आता आम्हाला जमत नाही."

गोळ्या घ्यायला ते कुरकुर करतात. बायको म्हणून सांगितलं तर तोंड फिरवतात. मग ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते आणि म्हणते, "सर, वेळ झाली." ते ताबडतोब हात पुढे करतात. गोळी गिळून झाली की मान तुकवून "थँक यू, मॅडम" म्हणतात, आणि ती पेला उचलून आत नेते.