डावा हात आणि तीन चपात्या

प्रश्न : सगळ्या चपात्या सारख्या आहेत, हे कशावरून?

झाकणावरून. भाजून झालेल्या एकेका चपातीवर महानंदा स्टीलच्या डब्याचं झाकण ठेवत होती आणि बाहेर आलेली कड सुरीनं गोल कापून टाकत होती. संग्राम, तिचा नवरा, त्या कडा चहात बुडवून खात बसला होता.

"चौथीला काय शिकवतेस तू? शिवणकाम?"

"अपूर्णांक. चपात्या लहानमोठ्या झाल्या तर एकीचा अर्धा दुसरीच्या अर्ध्याएवढा होत नाही. मग पाठ बोंबलला."

"आणि पाठ बोंबलला तर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. पीण्या या कन्नड मुलखातल्या कारखानवस्तीतल्या एका खासगी शाळेत ती अजून तात्पुरती होती. आज ट्रस्टची माणसं तिचा नमुना पाठ बघणार होती, आणि तिला कायम करायचं की नाही ते त्यावरून ठरणार होतं. तिनं जास्तीच्या तीन चपात्या केल्या. मऊ चपाती ऐन वेळी फाटते, असं म्हणून.

प्रश्न : उत्तर येत असेल तर कुठला हात?

उजवा. येत नसेल तर डावा. पण वर सगळ्यांनी करायचा. मागे बसलेल्या पाहुण्यांना हातांचं रान दिसतं, आणि बाईंना कुठल्या झाडाला फळ आहे ते कळतं. ही युक्ती महानंदाची नव्हे. ती स्वतः सीमाभागातल्या अथणीकडच्या शाळेत शिकताना तपासणीच्या दिवशी असेच हात वर व्हायचे.

मात्र सराव घेतला तेव्हा युक्ती फसली. ज्यांना काडीचं येत नव्हतं त्यांचेही उजवे हात आशेनं वर यायला लागले. मग तिनं हात वाटूनच टाकले. विराट, कावेरी, नागराज आणि आणखी थोडी हुशार मुलं, त्यांचा उजवा. बाकीच्यांचा डावा, काहीही झालं तरी.

गंगव्वाचा डावा.

गंगव्वा वर्षाच्या मधेच आली होती. बापाला इथल्या लेथ कारखान्यात काम लागलं म्हणून घर उचलून आलेली. घरी मराठी बोलायची. वर्गातलं कन्नड तिच्या जिभेवर अजून बसलं नव्हतं. सरावात ती एकदा उठली होती. "मिस, ती पाव हाय, म्हणजे कालु," असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं बोलली आणि वर्ग खदखदून हसला. उत्तर बरोबर होतं. पण महानंदाला पाठीमागच्या खुर्च्या दिसायला लागल्या होत्या. मराठी बाईंच्या वर्गात मराठी पोरगी मराठीत उत्तर देते, पाहुणे काय म्हणतील?

त्या दिवशी शाळा सुटताना तिनं पोरीला गोडीनं सांगितलं, "गंगव्वा, तू डावा हात करायचा हं."

"येत असलं तरी, अक्का?"

"वर्गात मिस म्हणायचं. हो, तरी. सरी? ठीक?"

"सरी."

प्रश्न : हे अर्धं आहे का?

पाठ लोण्यात सुरी जावी तसा चालला होता. हेडमास्तर श्रीहरी सर दाराशी उभे होते. मागच्या खुर्च्यांवर इतर शाळांतल्या शिक्षिका आणि ट्रस्टचे रत्नाकर सर बसले होते. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले, मूळ पुण्याचे.

महानंदानं एक चपाती मुद्दाम वेडीवाकडी फाडली. एका हातात मोठा तुकडा, एका हातात चिमुकला.

"दोन तुकडे झाले. म्हणजे हा अर्धा, हाही अर्धा. बरोबर?"

"नाही, मिस," वर्ग ओरडला.

"का नाही? दोनच तर आहेत. कावेरी?"

"दोन आहेत, पण सारखे नाहीत. भांडण होईल, मिस."

मागच्या खुर्च्या हसल्या. महानंदानं दुसरी चपाती घडी घालून दुमडली, घडीवर फाडली, तुकड्यावर तुकडा ठेवून दाखवला. कडेला कड जुळली. फळ्यावर एक, खाली रेघ, रेघेखाली दोन. मग पुन्हा घडी, चार तुकडे, एक, रेघ, चार.

"आता सांगा. एक चपाती तिघांत वाटली आणि तसलीच दुसरी चौघांत. कुणाचा तुकडा मोठा? नागराज?"

"तिघांतला, मिस."

"पण चार हा आकडा तर तिनापेक्षा मोठा आहे."

"आकडा मोठा, पण खाणारी तोंडं वाढली ना, मिस."

रत्नाकर सर खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागले. श्रीहरी सरांनी दारातूनच मान डोलावली. महानंदाला वाटलं, झालं. गंगेत घोडं न्हालं.

प्रश्न (पाठाच्या आराखड्यात नसलेला)

"मॅडम, डब्यात काही उरल्यात का?" रत्नाकर सरांनी विचारलं.

"तीन आहेत, सर."

"मग त्या तीन चौघांना वाटा की. प्रत्येकी किती, ते मुलांना विचारा."

हात वर झाले, ठरल्याप्रमाणे. उजव्यांचे उजवे, डाव्यांचे डावे. हातांना काय, प्रश्न आराखड्यातला आहे की बाहेरचा, ते कुठून कळणार?

"विराट?"

विराट उठला. डब्याकडे बघितलं, बोटांकडे बघितलं. "जात नाही, मिस. तीन लहान, चार मोठा."

"कावेरी?"

"एकेकाला एक. आणि एकाला नाही."

"नागराज?"

नागराज डब्यातल्या चपात्या पुन्हा मोजायला लागला.

बाकीचे उजवे हात एकेक करून खाली आले. उजव्या हातांतली फळं संपली. शेवटच्या बाकावर एक डावा हात मात्र अजून वर होता, आणि तो इतरांसारखा नव्हता. इतर हात कंटाळून कोपरात वाकले होते. हा ताठ होता, हाताखालची गंगव्वा बाकावरून वीतभर वर उठली होती. आणि बघत होती थेट महानंदाच्या डोळ्यांत.

महानंदानं ते पाहिलं. नजरेतून सुटलं असतं तर पुढं सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण तिनं पाहिलं. तिच्या मनात आलं : हिला येतंय. लगेच पाठोपाठ आलं : आणि मराठीत बोलली तर? आणि चुकली तर?

तिनं मान वळवली आणि खडू उचलला.

"चला, आपण सगळे मिळून करू." फळ्यावर तीन गोल, प्रत्येकाचे चार भाग, प्रत्येक गोलातला एकेक भाग एकेका मुलाला. तीन चतुर्थांश. कन्नडात मुक्कालु. वर्गानं तीनदा एका सुरात म्हटलं. गणित बरोबर होतं. मागे टाळ्या झाल्या.

हात कधी खाली गेला, ते तिनं बघितलं नाही.

प्रश्न : चहात साखर चालते?

"स्वल्प," रत्नाकर सर शिपायाला म्हणाले, आणि मग महानंदाशी मराठीत बोलायला लागले. तुकड्यावर तुकडा ठेवून दाखवलंत ते फार छान, म्हणाले. सारखेपणा डोळ्यांना दिसला पाहिजे. आमच्या कारखान्यातसुद्धा निम्मी भांडणं मापाचीच असायची. कागदपत्रं या आठवड्यात होऊन जातील.

महानंदा थँक्यू म्हणाली.

"एक गंमत वाटली," कप खाली ठेवत ते म्हणाले. "तुमच्या वर्गात डावखुरी मुलं फार आहेत."

ते हसत होते. त्यांना कळलं होतं की नाही, हे तिला त्या हसण्यातून काढता येईना. तीही हसली.

उत्तर

वर्गात परत आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. पाठ संपल्यावर तो उरलेला डबा तिनं शेवटच्या बाकावर देऊन टाकला होता, खाऊन टाका म्हणून. त्या बाकावर चार मुली बसायच्या, हे तेव्हा तिच्या ध्यानातही नव्हतं.

गंगव्वा वाटणी करत होती. एक चपाती दुमडून मधोमध फाडली. दुसरी तशीच. चार अर्धे झाले, चौघींपुढं एकेक ठेवला. तिसरी दोनदा दुमडली, चार तुकडे केले आणि प्रत्येक अर्ध्यावर एकेक पाव ठेवला. सगळं उजव्या हातानं वाढलं, पानात वाढतात तसं.

"मला करपलेली बाजू आली," एक मुलगी कुरकुरली.

"करपली असली तरी तेवढीच हाय. गप खा."

महानंदा बघत राहिली. अर्धा म्हणजे दोन पाव, वर आणखी एक पाव. पाऊण. फळ्यावर तिनं प्रत्येकाच्या वाट्याला तीन तुकडे आणले होते. या पोरीनं दोन तुकड्यांतच भागवलं होतं. आणि ही वाट तिला स्वतःला फळ्यापुढं सुचली नव्हती.

ती बाकाजवळ वाकली. "गंगव्वा, मघाशी तुला येत होतं?"

"हो."

"मग..." पुढचं वाक्य तिच्या तोंडात फिरलं. हात का नाही केलास, असं विचारणार होती.

पोरीनं ते ओळखलं. "केला की, अक्का. तुम्ही सांगितलेला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि महानंदाला तेच लागलं. पोरीनं रुसावं, तोंड फिरवावं, काहीतरी करावं, असं तिला वाटलं. पण गंगव्वानं आपल्या वाट्याचा पाव तुकडा दुमडला, त्याचे दोन केले आणि एक बाईंपुढं धरला.

"घ्या. चटणी नाही, पण गोड लागतीय."

महानंदानं तो घेतला. झाकणानं मापून कापलेल्या चपातीचा आठवा भाग.

प्रश्न : आता कुठला हात?

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला सांगितलं, ते हातांचं आता बंद. ज्याला येतं त्यानंच हात करायचा, कुठलाही. नसेल येत तर करायचा नाही. त्यात लाज नाही.

विराटनं विचारलं, "पाहुणे परत येणार आहेत, मिस?"

"नाही. कुणी येणार नाही."

तिनं फळ्यावर पाच गोल काढले. "पाच चपात्या, चार मुलं. प्रत्येकी किती?"

विराटचा उजवा वर आला. कावेरीचा उजवा. मग सवयीनं काही डावे, अर्धवट. शेवटच्या बाकावर काहीच नाही. गंगव्वा खाली बघत बाकावर बोटानं काहीतरी ओढत होती. एक गोल. चार भाग. महानंदाला इतक्या लांबूनही ते बोट वाचता आलं. सवा, ते म्हणत होतं. एक आणि पाव.

"गंगव्वा, तू सांग."

बोट थांबलं.

"मराठीत सांग हवं तर. कुणी हसणार नाही."

पोरीनं मान वर केली नाही. "मी डावी हाय, मिस," ती हळूच म्हणाली.

अक्का नव्हे, मिस.

"नाही गं, ते संपलं आता. तुला विचारतेय मी. तुलाच."

तेव्हा गंगव्वानं मागं वळून पाहिलं, बाई कुणाशी बोलतायत ते बघायला. शेवटचा बाक होता. मागं नुसती भिंत होती.