आपल्या हाताने

रंगाऱ्यांच्या त्या टोळीचा एक नियम होता: पैसा कुणा एकाच्या हातात द्यायचा नाही. भिशी असो, वर्गणी असो, कुणाच्या आजारपणाची मदत असो, ज्याचे त्याने आपल्या हाताने नेऊन टाकायचे. नियम ताईचा. ताई म्हणजे टोळीतली पुट्टी लावणारी. भिंत कितीही वाकडीतिकडी असो, तिचा पत्रा फिरला की आरशासारखी सपाट. मागे एका मुकादमाने सगळ्यांची भिशी गोळा केली आणि पोबारा केला, तेव्हापासून तिने हा नियम काढला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; ताई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

म्हणून त्या सकाळी टोळी कामावर न जाता बँकेत रांग लावून उभी राहिली. पुढे म्हातारा नाना, लाकडाला पॉलिश करणारा. शेवटी ताई. प्रत्येकाच्या खिशात आपापल्या नोटा आणि प्रत्येकाच्या हातात एकाच खात्याची स्लिप. खातं ताईच्या धाकट्या भावाचं.

धाकटा याच टोळीत शिडीवरचा रंगारी होता. उभं राहायच्या बांबूच्या परांचीचा बांध सुटला, तो खाली आला आणि गुडघ्याखालून पाय गेला. त्याचा नकली पाय एका लांबच्या शहरातल्या कारखान्यात तयार झाला होता. तिथवर जायला रात्रभराचा प्रवास. धाकटा आदल्या दिवशीच जाऊन थांबला होता. पाय बसवणारा कारागीर बाहेरून यायचा, आणि तो आज संध्याकाळी परत जाणार होता. उरलेले पैसे कारखान्याला पोहोचले तरच तो पाय बसवणार. नाही पोहोचले तर पुढची फेरी कित्येक महिन्यांनी. तोवर उरलेल्या पायाचा आकार बदलतो, माप पुन्हा घ्यावं लागतं, साचा पुन्हा करावा लागतो. आणि तोवर धाकट्याने कुबडीवर टेकून भिंतीकडे बघत बसायचं. अपघातानंतर तो तसाच बसायचा, रंगाच्या वासानेही तोंड फिरवायचा. हे ताईला बघवत नव्हतं.

नानाचे पैसे जमा झाले. त्याच्या मागच्याचेही झाले. तिसऱ्याची स्लिप मात्र काउंटरवरून परत आली. चौथा पुढे सरकला, त्याचीही परत. मागून पाचवा स्लिप पुढे करू लागला तेव्हा कॅशियरने काच ठोठावली आणि सगळ्यांना चौकशीच्या टेबलाकडे पिटाळलं.

तिथे एक मॅडम बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, समोर थंड झालेला चहा. त्यांनी स्लिपा पाहिल्या, मग रांगेकडे पाहिलं, मग पुन्हा स्लिपा पाहिल्या. इतक्या जणांनी एकाच खात्यात एकापाठोपाठ थोडे थोडे पैसे का भरायचे, असं त्यांनी विचारलं. नाना अभिमानाने म्हणाला, आमच्यात तशीच पद्धत आहे. मॅडमनी डोक्याला हात लावला.

त्यांनी शांतपणे समजावलं. धाकट्याचं खातं अर्ध्या कागदांवर उघडलेलं होतं. अशा खात्यात किती पैसे यावेत याला मर्यादा असते आणि नानाच्या मागच्याच्या पैशांनी ती भरली. आता धाकट्याने स्वतः ओळखीचे आणि पत्त्याचे कागद घेऊन शाखेत जाऊन खातं पुरं करून घेतल्याशिवाय त्यात पैसा जाणार नाही, मग तो कुणीही भरो, रोख भरो की दुसऱ्या खात्यातून पाठवो. दुसरी गोष्ट, परक्याच्या खात्यात मोठी रोकड भरायची तर भरणाऱ्याची ओळख लागते. ती टाळायला रकमेचे तुकडे केले, असं दिसलं की बँकेला संशय घ्यावाच लागतो. तसं झालं तर खातंच गोठू शकतं.

“आम्ही काही टाळत नव्हतो,” ताई म्हणाली.

“मला दिसतंय. पण कॉम्प्युटरला तुमचे चेहरे दिसत नाहीत.”

हात दाखवून अवलक्षण ते हेच. चोरी होऊ नये म्हणून केलेला नियम, आणि तोच चोरासारखा दिसला.  ताईने विचारलं, धाकट्याने आत्ता जाऊन कागद दिले तर? मॅडम म्हणाल्या की द्यायलाच हवेत, पण तपासून मर्यादा उठायला वेळ लागतो, आज संध्याकाळचा भरवसा देता येत नाही. गेलेले पैसे मात्र बुडाले नाहीत. येणं बंद झालंय, जाणं नाही. तेवढे त्याला कार्डाने कारखान्यात देता येतील.

मग त्यांनी वाट दाखवली. पैसे भावाच्या खात्यात जायलाच हवेत असं कुठे आहे? शेवटी घेणार कारखानाच ना? तुमच्यापैकी ज्याचं खातं याच बँकेत पुऱ्या कागदांचं आहे त्याने सगळी रोकड स्वतःच्या खात्यात भरायची. स्वतःची ओळख, कर क्रमांक द्यायचा, पैसे कुणाकुणाचे आणि कशासाठी हे सरळ लिहून द्यायचं. मग खात्यातून थेट कारखान्याच्या खात्यावर पाठवायचे, बिलाचा नंबर लिहून. दुपारच्या आत फॉर्म दिला तर आजच पोहोचतील.

ऐकायला सोपं होतं. पण म्हणजे सगळे पैसे एका हातात.

ताईचं स्वतःचं खातं धाकट्याच्या खात्याच्याच दिवशी, तसल्याच अर्ध्या कागदांवर उघडलेलं, त्यामुळे ते बाद. नानाचं खातं दुसऱ्याच बँकेत, गावाकडे. बाकीचे मजुरी हातात घेणारे, त्यांना खातंच नाही. उरला एकटा उधळ्या.

आता उधळ्याबद्दल सांगायला हवं. छताला रोलर मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण पैसा टिकवण्यात त्याच्यासारखा नालायकही कुणी नाही. उचल मिळाली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना चहा-भजी. उसने मागणाऱ्याला हा स्वतः उसने घेऊन देणार. मोटरसायकल घेतली कर्जावर, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच बुडाखाली. ताईने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की याच्या ओंजळीत पाणी टिकत नाही. तेव्हा तो हसला होता, पण त्यानंतर बरेच दिवस तिच्याजवळ जेवायला बसला नव्हता.

कर्जासाठी त्याला सगळे कागद द्यावे लागले होते, म्हणून खातं पुरं. याच बँकेतलं.

“अडला हरी गाढवाचे पाय धरी,” उधळ्याच म्हणाला आणि एक पाय जरासा पुढे केला. कुणी हसलं नाही. ताईने नोटांची पुडी पदराच्या गाठीत आणखी घट्ट केली. या माणसाच्या नावावर? यापेक्षा नाल्यात टाकावेत, नाल्याची निदान दिशा तरी ठाऊक असते. पण भिंतीवरचं घड्याळ काही तिच्या परवानगीने चालत नव्हतं.

तेवढ्यात उधळ्याने मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात टेकले. त्याचा नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“मॅडम, माझ्या गाडीचा हप्ता थकलाय. पैसे टाकले तर बँक आधी तो कापून घेईल ना?”

मॅडमनी खातं पाहिलं. हो, म्हणाल्या, पैसे येताक्षणी हप्ता आणि दंड आपोआप वळता होईल. कारखान्याला तेवढे कमी पडतील.

ताई उधळ्याकडे बघतच राहिली. हा गप्प बसला असता तर? टोळीच्या पैशांत याचा हप्ता फिटला असता, आणि वर बँकेने कापले, मी काय करू, असं म्हणायलाही मोकळा. कुणाला शंकासुद्धा आली नसती. ओंजळीत पाणी टिकत नसेल, पण याच्या पोटात खोटं टिकत नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

उधळ्याने आपल्या वाट्याच्या नोटा काढल्या आणि म्हणाला, माझे हे आधी हप्त्यात जाऊ देत, म्हणजे बाकीच्यांचे वाचतील. मात्र पायात माझा हिस्सा नाही राहिला, ते मागाहून बघतो. मॅडम म्हणाल्या, चालेल, आधी थकबाकी भरा, पावती घ्या, खातं कोरं दिसलं की मगच मोठी रक्कम टाका. पण याच्या वाट्याइतकी तूट आता आलीच की.

ताईने ब्लाउजमधून एक वेगळा रुमाल काढला. त्यात तिच्या प्रवासाचे पैसे होते. आज निघून उद्या सकाळी ती धाकट्याकडे पोहोचणार होती. आज पाय बसला की उद्यापासून तिथेच चालायचा सराव होता; त्याने पहिली पावलं टाकताना आपण शेजारी असावं, एवढीच तिची हौस होती. लहानपणी त्याला चालायला तिनेच शिकवलं होतं. तिने रुमाल सोडला आणि पैसे पुडीवर ठेवले.

“ताई, मग जाणार कशी?” नानाने विचारलं.

“नाही जाणार,” ती म्हणाली. “तो चालला म्हणजे झालं.”

आणि मग तिने सगळ्यांच्या नोटा गोळा केल्या आणि ती जाड पुडी उधळ्याच्या हातात दिली. आपणच केलेला नियम आपणच मोडला. उधळ्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरून काउंटरकडे निघाला.

पुढचं काम मॅडमनी चोख करून घेतलं. हप्ता भरला, पावती आली. पैसे कुणाकुणाचे हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. मॅडमनी उधळ्याला बिलावरच्या नंबरवर कारखान्याला फोन लावायला सांगितला आणि खात्याचं नाव, क्रमांक तिकडून वदवून घेतला. चुकीच्या क्रमांकावर गेलेले पैसे परत आणणं म्हणजे घुशीच्या बिळातून साबण काढणं, असं म्हणाल्या. मग फॉर्म भरून घेतला. ताईनेही धाकट्याला फोन केला आणि खात्यात आलेले कार्डाने दे, आणि उद्या कागद घेऊन बँकेत जा, असं दोनदा बजावलं. पैसे कुणाच्या नावाने येतायत ते मात्र सांगायचं राहून गेलं.

टोळी बँकेबाहेरच्या पायऱ्यांवर बसली. कामावर गेलं असतं तर निदान अर्धी हजेरी लागली असती, पण कुणीच उठेना. उधळ्याच्या फोनवर पैसे पोहोचल्याचा मेसेज आला. त्याने तो मोठ्याने वाचला, नानाला दाखवला आणि पुन्हा वाचला. उन्हं उतरायला लागली. बँकेचं शटर खाली आलं. मॅडम बाहेर पडताना थांबल्या, त्यांनी भुवया उंचावून विचारलं, आणि ताईने मान हलवली, अजून नाही.

मग ताईचा फोन वाजला. धाकटा. 

“ताई, पावतीवर उधळ्याचं नाव आहे,” तो म्हणाला. “तू त्याच्याकडे पैसे दिलेस?”

“दिले.”

“सगळे?”

“सगळे.”

पलीकडे तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. मागून कुणीतरी त्याला कठडा सोडा, सोडा आता, असं सांगत असल्याचं ऐकू आलं.

“ताई, मी उभा आहे. कशाला धरलेलं नाही.”

ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तिने त्या पुसल्याही नाहीत.  तिने फोन उधळ्याच्या हातात दिला.  तो फोन कानाशी धरून, मान खाली घालून, तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिला.