तिसरा पगार

बँकेच्या मॅनेजरने दोनदा परत केलेला बेकरीचा आराखडा धाकट्या भावाने लॅपटॉपवर उघडून ताईपुढे ठेवला आणि म्हणाला, "एकदा नजर टाक गं. उद्या शेवटची संधी आहे."

ताईने नजर टाकली आणि तिचं डोकंच फिरलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात हिशेब तपासणारी बाई ती. उद्या राजीनामा देऊन भावाच्या बेकरीत यायचं, असं ठरलेलं. राजीनाम्याचं पत्र पर्समध्ये तयार होतं.

"दोन भट्ट्या लिहिल्यास. एका भट्टीत एका वेळी चाळीस पाव, दिवसाला सहा घाणे. म्हणजे किती?"

"चारशे ऐंशी."

"मग तक्त्यात रोज सहाशे कुठून विकतोस? आणि रविवारी बेकरी बंद म्हणतोस, विक्री मात्र महिन्याचे तीस दिवस!"

"अगं, थोडं इकडेतिकडे चालतं."

"कप्पाळ चालतं!"

तिने चारशे ऐंशी घातले, सव्वीस दिवस घातले. वर्षाची शिल्लक ढिम्म हलेना. पाहते तर बेरजेचं सूत्र पुसून भाऊरायांनी गोल आकडा स्वतःच्या हातांनी ठोकलेला! वर म्हणे, "मॅनेजरला बरा दिसावा म्हणून." आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तशी गत. ताईने करवादत सूत्र परत घातलं. शिल्लक घसरत दोन लाख दहा हजारांवर आली. धाकट्याचा चेहरा उतरला, पण निदान खरं तरी होतं.

मग ती पगारांच्या तक्त्याशी थांबली. मजकुरात पूर्णवेळ माणसं तीन: भट्टीवाला, विक्रेती आणि 'पहिल्या महिन्यापासून हिशेबाला अनुभवी भगिनी'. तक्त्यात पगार दोनच.

"तिसरा पगार?"

"तो तुझा ना." धाकटा हसला. "तू काय परकी आहेस?"

ताईने पंचवीस हजारांची ओळ घातली. बारा महिन्यांचे तीन लाख. शिल्लक उणे नव्वद हजार झाली.

"काढ ना तो! बँक कर्ज देणार नाही अशानं. घरचं माणूस कुठे पगार घेतं?"

ताईला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिच्या घरचं भाडं, मुलीची फी हे सगळं या पोराने गृहीतच धरलं होतं, आणि आराखड्यातल्या गृहीतकांच्या यादीत मात्र त्याची एक ओळही नव्हती. तिने पगार काढला. मग वर जाऊन मजकुरातली भगिनीही काढली आणि लिहिलं, 'हिशेब मालक स्वतः पाहतील.'

"अगं, मला हिशेब कुठे जमतात?"

"ते दिसलंच." तिने पर्स उघडली, राजीनाम्याचे चार तुकडे करून टेबलावर ठेवले. "आता सगळं जुळतंय. सकाळी तूच घेऊन जा बँकेत. मला ऑफिस आहे."