अकरा हवालदार

सहदेव तरे यांनी पस्तीस वर्षांत चौदा नाटकं केली होती आणि त्यांची माहिती सात पानांत बसवली होती. पहिल्या पानावर गणपती होता. त्याखाली रास वृश्चिक, वर्ण निमगोरा, उंची पाच फूट सहा इंच आणि 'घरचं वातावरण धार्मिक' असा मजकूर होता. कल्याणला स्टेशनाबाहेर मयूरचं छपाईचं दुकान आहे, आणि मयूरकडे आयुष्यभर लग्नाचेच बायोडाटे छापले जातात. त्यानं तोच साचा उघडून सहदेवरावांना त्यात बसवलं होतं. फक्त शेवटची 'अपेक्षा' ही ओळ त्यानं काढून टाकली होती, तेवढं डोकं त्याला होतं.

"बाबा, हे कुठे पाठवायचंय? मुलगी बघायला?" प्राप्तीनं सातही पानं चाळून विचारलं.

"हसू नको. व्यावसायिक नाटक आहे. डोंबिवलीला निवड चाचणी आहे परवा."

प्राप्ती ठाण्याच्या एका नाट्यसंस्थेत प्रकाशयोजनेला मदत करायची. नटांच्या कागदांचे गठ्ठे दिग्दर्शकाच्या टेबलावर कसे पडतात आणि त्यातले किती उघडले जातात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं बापाला समोर बसवलं आणि अगदी शाळेतल्या बाईंच्या थाटात समजावलं. एकच पान. वर नाव, फोन, उंची, आवाजाची पट्टी, कोणत्या वयाची माणसं करू शकता ते. मग प्रशिक्षण. मग भूमिका, तीन रकान्यांत: नाटक, भूमिका, दिग्दर्शक किंवा संस्था. अलीकडचं वर, जुनं खाली. शेवटी येणाऱ्या भाषा-बोली आणि खरोखर येणारी कौशल्यं. मागे अलीकडचा फोटो, स्टेपल केलेला. रास नाही, वर्ण नाही, आणि 'रसिकांच्या गळ्यातील ताईत' तर मुळीच नाही.

"ते वर्तमानपत्रात आलेलं होतं."

"कुठल्या?"

"आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत," सहदेवराव म्हणाले आणि विषय बदलला.

निवड चाचणी आबांच्या भूमिकेसाठी होती. नाटकातले आजोबा, पण कोपऱ्यात खोकणारे नव्हेत. नाटक त्यांच्याच भोवती फिरत होतं. महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून सहदेवरावांना एवढंच हवं होतं, की पडद्यामागे तिसऱ्या अंकाची वाट बघत उभं राहायचं नाही. साठी दोन वर्षांवर आली होती. ही भूमिका गेली तर पुढची येईल, असं ते स्वतःशीसुद्धा म्हणू शकत नव्हते.

प्राप्तीनं तासाभरात सगळं एका पानावर आणलं आणि घात झाला. सात पानांत पसरलेला माणूस चांगला ऐसपैस दिसत होता. तीन रकान्यांत उभा केल्यावर मधला रकाना असा वाचला जाऊ लागला: हवालदार. हवालदार. पोस्टमन. हवालदार. प्रेत. हवालदार, हवालदार, हवालदार. मध्ये एकदा 'गर्दीतला आवाज', आणि पुन्हा खालपर्यंत हवालदार. सहदेवरावांनी बोट ठेवून मोजले. अकरा निघाले.

"एवढे होते?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच केलेत ना."

सगुणाबाई मासळी साफ करता करता मोरीतून म्हणाल्या, "मी तेवाच सांगलेला, एकदा तरी साहेब करा. हे जातात नि टोपी घालून येतात."

 सहदेवरावांना फार वाईट वाटलं. पस्तीस वर्षं तालमीला गेलो, पावसाळ्यात रिक्षा नाही म्हणून चालत आलो, चाळिसाव्या वाढदिवसाला मोहने गावच्या मैदानात प्रेत होऊन तीन तास पडलो, आणि त्याचं सगळं मिळून हे. प्राप्ती कामाला निघाली, जाताना फाइल मयूरला पाठवून गेली. सहदेवराव तिच्यामागोमाग अर्ध्या तासानं दुकानात हजर.

"मयूर, जरा बदल करायचाय."

"बोला काका."

"हा मधला रकाना. सगळ्यात वरचा हवालदार आहे ना, त्याला सहायक पोलीस आयुक्त कर."

मयूरनं मान वर केली. "डायरेक्ट?"

"माणूस पस्तीस वर्षं नोकरीत आहे. बढती नको मिळायला?"

हे मयूरला पटलं, कारण त्याच्या भावाला पटकन बढती मिळत नव्हती आणि त्याचा त्याला राग होता. दोघांनी मिळून पोलीस खातं व्यवस्थित लावलं. सगळ्यात जुने तीन हवालदार राहिले, तसे थोडे हवेतच. त्यावरचे दोन सहायक उपनिरीक्षक झाले, दोन उपनिरीक्षक, तीन निरीक्षक आणि शेंड्यावर साहेब. प्रेताला काय करायचं, असं मयूरनं विचारलं. प्रेताला बढती नसते, असं ठरलं. कागद प्रिंटरमधून गरम बाहेर आला तेव्हा सहदेवरावांना स्वतःबद्दल बराच आदर वाटला.

डोंबिवलीतल्या शाळेच्या हॉलमध्ये चाचणी होती. बाकांवर आठ-दहा आबा बसले होते, सगळे साठीच्या आगेमागे, सगळ्यांच्या मांडीवर एकेक कागद. टेबलामागे दिग्दर्शिका विनिता होती. वय पस्तीस-छत्तीस, केस वर बांधलेले, समोर चहा आणि नाटकाची संहिता. सहदेवरावांचं नाव पुकारल्यावर तिनं त्यांचा कागद घेऊन टेबलावर ठेवला आणि दोन पानांचा प्रवेश त्यांच्या हातात दिला.

"वाचून घ्या, मग करा. नातू चोरी करून आलाय आणि आबांच्या लक्षात आलंय. तू नातवाचे संवाद दे," ती शेजारच्या सहायकाला म्हणाली.

सहदेवरावांनी सुरुवात केली. पण त्यांच्या अंगात सहायक पोलीस आयुक्त होता, तो मध्येच बाहेर यायला लागला. छाती पुढे, हात मागे, आवाज घशातून. "खरं सांग," हे दोन शब्द त्यांनी असे टाकले की मागच्या बाकावरचा एक आबा दचकला. नातवाला अटक होते की काय, असं सगळ्यांना वाटलं.

"थांबा," विनिता म्हणाली.

तिनं त्यांचा कागद उचलला. बोट मधल्या रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"'कुलूप उघडं आहे'. १९९८, कल्याण. निरीक्षक."

"हो."

"या नाटकात निरीक्षक नाही."

सहदेवरावांनी हातातली दोन पानं खाली केली. "तुम्हाला कसं…"

"सखाराममास्तर माझे वडील. बसवलं त्यांनी. मी त्यात मुलगी होते, नऊ वर्षांची. त्यात एक हवालदार होता. तो शेवटी येतो, एक वाक्य बोलतो, पडदा पडतो."

 बाकांवरच्या आबांना असा प्रसंग बघायला मिळाला म्हणून मनातून बरं वाटलं असावं, कारण प्रत्येकानं आपापला कागद हळूच उलटा ठेवला.

"मीच होतो," सहदेवराव म्हणाले. मग म्हटलंच आहे तर सगळंच, म्हणून पुढे म्हणाले, "सगळ्यात मीच होतो. सगळे हवालदारच. हा वरचा साहेबसुद्धा."

विनितानं टेबलावरचं पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "खोडा."

त्यांनी उभ्या उभ्या खोडलं. आयुक्त गेला. निरीक्षक गेले. आठ जणांची एकाच दिवशी पदावनती झाली. खोडताना कान तापले होते, आणि आता गुपचूप जिना उतरायचा, एवढंच डोक्यात होतं.

"आता सांगा," ती म्हणाली. "या आणि या हवालदारात फरक काय?"

"कुठल्या?"

"कुठल्याही. अकरा आहेत ना? की एकच अकरा वेळा केलात?"

हा प्रश्न पस्तीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. राग आला त्यांना, अगदी खरा. "एकच कसा?" ते म्हणाले. "या वरच्याचे बूट एक नंबर लहान आहेत. सरकारी मिळालेले. तो बोलतो कमी, कारण त्याला बसायचंय." आणि ते असे उभे राहिले की बघणाऱ्याची करंगळी दुखावी. "हा दुसरा, याची बायको दवाखान्यात आहे, बाळंतपणाला. आरोपीला पकडतो, पण लक्ष दाराकडे. हा पैसे घेत नाही, चहा मात्र घेतो, आणि चहा दिला नाही तर कायदा दाखवतो."

"आणि कुलूपवाला?"

सहदेवरावांनी विनिताकडे बघितलं. "तुम्ही झोपलेल्या त्यात. सोफ्यावर. खरोखर. झोपायचंच होतं प्रवेशात, पण तुम्ही घोरायलाच लागलेलात. माझं वाक्य होतं, चला साहेब, गाडी आली. तालमीत मी ते जोरात म्हणायचो. त्या दिवशी हळू म्हटलं."

"का?"

"पोर झोपली होती. हवालदाराला कळणार ना तेवढं. मागून लोक ओरडले, आवाज, आवाज. मास्तरांनी मला नंतर झापलं."

विनिता हसली, तोंडावर हात न ठेवता. "झापलं ना? घरी मात्र वेगळं सांगायचे. म्हणायचे, त्या सबंध नाटकात एकच माणूस खरा पोलीस वाटला आणि त्याचाच आवाज पोचला नाही." तिनं संहितेचं पहिलं पान उलटून त्यांच्यासमोर धरलं. पात्रपरिचय होता. आबा, वय बासष्ट, सेवानिवृत्त हवालदार.

सहदेवरावांनी दोनदा वाचलं.

"तुमचा कागद आला तेव्हा मी बाजूला ठेवलेला," ती म्हणाली. "आयुक्त घेऊन मी काय करू? आता तोच प्रवेश परत करा. छाती आत."

त्यांनी परत केला. या वेळी आबांनी नातवाकडे बघितलंच नाही. आधी ते खाली बसले, सावकाश, पायातून बूट काढावा तसे, आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "खरं सांग." सहायकाला पुढचा संवाद वाचायला वेळ लागला. बाकांवरच्या एका आबांनी आपला कागद घडी करून खिशात घातला.

"उद्यापासून अकराला तालीम," विनिता म्हणाली. "आणि हा कागद असाच राहू दे. नवीन छापू नका."

कल्याणला घरी पोचेपर्यंत त्यांनी फोन केला नाही. दारात प्राप्ती आणि सगुणाबाई दोघी उभ्या. प्राप्तीनं त्यांच्या हातातला कागद बघितला, खाडाखोड बघितली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे काय केलंत? आयुक्त कोणी घातला?"

"काढला ना. मिळाली भूमिका."

"कंची?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आबांची. निवृत्त हवालदार."

सगुणाबाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हंजी परत हवालदारच झाला!"

"हो," सहदेवराव चप्पल काढत म्हणाले. "पण पडदा उघडतो तेव्हा मी आधीच स्टेजवर बसलेला असतो."