सदतीस कोऱ्या चिठ्ठ्या

"नाव लिहिण्याआधी तो माणूस डोळ्यांपुढं आण, मनकर्णा. मग चुकायची नाहीस."

मुक्ताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, पण दौत उघडली की त्यांचा आवाज कानात येतोच. नगरातलं आमचं फराळ मंडळ त्यांनीच उभं केलं. कारखान्यांना दिवाळीचे डबे द्यायचे आणि प्रत्येक डब्यावर कामगाराच्या नावाची चिठ्ठी डकवायची. चिठ्ठ्या माझ्याकडे, कारण रोज पहाटे एकशे आठ वेळा रामनाम लिहिल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. हात बसलेला आहे.

त्र्याहत्तर सालच्या नवरात्रातली तिसरी माळ. नमुन्याचा डबा पिशवीत घालून मी नागापूरच्या कारखान्याकडे निघाले, तेव्हा मंडळातली चांगुणा भाजणी भाजत होती. तिचा नवरा गोरक्ष त्याच कारखान्यात लेथवर होता.

"माई, सायबापाशी चाललाच हाय तर कान उघडे ठिवा," ती म्हणाली. "श्रीरामपुराकडच्या साखर कारखान्यानं ह्यांना बोलावलंय. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं गेले तर गेले, न्हाईतर जागा दुसऱ्याला. हे म्हंत्यात, हितली नोकरी पक्की, कशाला जायाचं? पन गेटावर लोक लई काय काय बोलत्यात. काही कळलं तर सांगाल न्हवं?"

"सांगेन," मी म्हटलं.

गेटावर भिमाजी शिपायानं पिशवीत डोकावून पाहिलं. "माई, एक चकली तरी? तुमचा उपास, आमचा न्हाई."

"साहेबांनी चाखली की उरलेली तुझी."

तो हसला, पण एरवीसारखा मोठ्यानं नाही. आत निम्म्या यंत्रांवर ताडपत्र्या होत्या. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी पाहिली नव्हती.

कामगार अधिकारी सरोदेसाहेबांनी डबा उघडून लाडू हातात घेतला. मी नेहमीप्रमाणे सांगितलं: चिवडा, चकली, चार बेसनाचे लाडू, शंकरपाळी, वर उटण्याची पुडी आणि पणती. लाडवाऐवजी अनारसे हवे असतील तर डब्यामागे आठ आणे जास्त. झाकणावर कारखान्याचं नाव छापून मिळेल.

"भाव?"

"साडेसात रुपये. तेल चढतंय, म्हणून हा भाव दसऱ्यापर्यंतच. निम्मी रक्कम आधी."

"आणि दोनशेपेक्षा कमी घेतले तर?"

"नाही परवडत, साहेब. छापखाना दोनशेखाली झाकणं छापत नाही."

"मग दोनशेच धरा. नावांची यादी मात्र धनत्रयोदशीच्या आठवड्यात देतो."

"तेव्हा नाही चालणार. पंचवीस दिवस लागतातच. खोकी आणि छपाई यांना पंधरा दिवस. फराळ शेवटच्या पाच दिवसांत तळतो, आधी केला तर खवट होतो. तेव्हा माझेही हात कढईत असतात. चिठ्ठ्या त्याआधी लिहून मधल्या पाच दिवसांत डकवल्या पाहिजेत."

त्यांनी मग कुलपातल्या खणातून टाइप केलेले कागद काढले.

"चिठ्ठ्या एकशे त्रेसष्ट."

"आणि सदतीस डबे?"

"चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा. पाहुण्यांना लागतील." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले, पण हात उचलला नाही. "यादी तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. दिवाळी झाली की ज्याला कळायचं त्याला कळेल. पुढच्या वर्षीही काम तुम्हालाच द्यायचंय."

"नावं चुकणार नाहीत," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

घरी आले. घटापुढच्या दिव्याजवळ बसून यादी वाचली. गेल्या वर्षीची दोनशे नावं मीच लिहिली होती, त्यामुळे कोण नाही ते लगेच उमगत गेलं. मच्छिंद्र नाही. प्रभुदास नाही. उन्हाळ्यात जे बोनससाठी गेटावर बसले होते, त्यांतलं एकही नाव नाही. लेथवाल्यांत 'गोपाळ' संपला की थेट 'ज्ञानदेव'. मधे गोरक्ष असायचा. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. दोन्ही नावांच्या मधे काहीच नव्हतं.

म्हणजे दिवाळी झाली की या सदतीस जणांची नोकरी जाणार, आणि पंचवीस दिवस हे मला एकटीला ठाऊक राहणार होतं. त्या सदतीस घरांत आकाशकंदील लागणार, रांगोळ्या निघणार. आणि बोलले तर हे काम जाणार. मंडळात अकरा बायका आहेत. त्यांतल्या सात जणींची दिवाळी याच डब्यांवर होते.

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. पहिली चिठ्ठी घेतली, टाक बुडवला आणि मुक्ताबाई सांगायच्या तसा माणूस डोळ्यांपुढं आणायला लागले. यादीतला कुणी येईना. लेथवरच्या काळ्या हातांनी दरवर्षी डबा कपाळाला लावणारा गोरक्षच येत राहिला.

शाई टाकावरच वाळली.

चांगुणा चारलाच घरी गेली होती. तिचं घर रेल्वे फाटकापलीकडे, पायी अर्धा तास. अजून ऊन होतं. उद्याची पहिली गाडी सहाची.

मी यादी घडी करून देव्हाऱ्यात ठेवली आणि दिव्यात तेल घातलं. सुनेनं विचारलं, "आत्या, फराळ करून जा ना, कुठं निघालात?"

"आले जाऊन," म्हटलं, आणि पदर डोक्यावर घेऊन फाटकाच्या वाटेला लागले.